बॅटरी भाड्याने की विकत?

एमजी विंडसर ही इलेक्ट्रिक गाडी सप्टेंबर 2024 मध्ये आली तेव्हा बॅटरीसकट 13.50 लाखांपासून होती. बॅटरी भाड्याने घेण्याच्या योजनेत 9.99 लाख, वर बॅटरीचं भाडं किलोमीटरला साडेतीन रुपये. फरक साडेतीन लाखांचा, म्हणजे एक लाख किलोमीटरला फिटंफाट (व्याज सोडून). चार्जिंगचा खर्च वेगळाच.

खरी मेख काही फायनान्सवाल्यांनी तेव्हा घातलेल्या, महिन्याला किमान 1,500 किलोमीटरचं भाडं भरण्याच्या अटीत होती. 800 च चालवलीत तरी 5,250 रुपये द्यायचे, म्हणजे किलोमीटरला साडेसहाच्या वर. एवढं कमी फिरणं असेल तर मी सरळ विकतच घ्या म्हणेन.

पुढे गाडी विकताना बॅटरीचा करार आडवा येतो. म्हणून सही करण्याआधी फायनान्सवाल्याकडून तीन वर्षांनी करार मोडल्यास किती भरावे लागतील, ते लेखी घ्या. डीलरचं तोंडी ‘होऊन जाईल’ धरू नका.