गारचॉम्पच्या स्पीडमधला तो एक पॉइंट

प्रश्न: पोकेमॉनमध्ये दोन गारचॉम्प, दोन्ही लेव्हल ५०, नेचर पण सेम, तरी स्टॅट्स वेगळे का येतात? आणि लोक एवढी अंडी उबवत बसतात त्याचा खरंच काही फायदा असतो का?

उत्तर:

फायदा असतो. आणि जो म्हणतो की हे रिकामटेकड्यांचं काम आहे, तो माणसाविरुद्ध कधी नीट खेळलेलाच नाही असं माझं स्पष्ट मत आहे. या विषयावर माझ्या घरातच एक वाद वर्षानुवर्षं चाललाय त्यामुळे जरा लांबण लागेल, वाचून घ्या.

नेचर, म्हणजे एक स्टॅट वाढवणारा आणि एक कमी करणारा स्वभाव, आणि ईव्ही, म्हणजे ट्रेनिंगने मिळवलेले पॉइंट, हे तुम्हाला माहीत असणार असं धरून चालतो. उरतं ते आयव्ही. पोकेमॉन अंड्यातून बाहेर येतो किंवा गवतात समोर येतो तेव्हा त्याच्या सहा स्टॅट्सना प्रत्येकी ० ते ३१ मधला एक आकडा मिळालेला असतो, आणि तो आकडा पुढे आयुष्यभर तोच राहतो. तुम्ही कितीही लढाया खेळा, काहीही खायला घाला, तो हलत नाही. स्क्रीनवर तो सरळ दिसतही नाही, दिसतो तो त्याच्यातून निघालेला स्टॅट. जंगलातल्या साध्या पोकेमॉनला सहाच्या सहा ३१ मिळायची शक्यता साधारण १०७ कोटींत एक आहे, म्हणून लोक अंड्यांकडे वळतात.

गारचॉम्पचाच हिशोब घ्या. त्याची बेस स्पीड १०२. ती दुप्पट करायची म्हणजे २०४, त्यात आयव्ही मिळवायचा, आणि ईव्हीचा चौथा भाग मिळवायचा, म्हणजे २५२ ईव्ही दिले असतील तर ६३. आयव्ही ३१ असेल तर बेरीज २९८. लेव्हल ५० ला याचं निम्मं होतं, १४९, त्यात ५ मिळवले की १५४, आणि जॉली नेचरचे दहा टक्के धरले की १६९. आता फक्त आयव्ही ३० करा. बेरीज २९७, निम्मं १४८ (अपूर्णांक गेम सोडून देतो), अधिक ५ म्हणजे १५३, आणि जॉली धरून १६८. एका लपलेल्या पॉइंटने स्पीड एकाने खाली आली.

आता "एका पॉइंटने काय होतं" हेच तर माझा मामेभाऊ म्हणायचा. तो माझ्यापेक्षा मोठा, आम्ही त्याला दादा म्हणतो, आणि पोकेमॉन मला त्यानेच शिकवला त्यामुळे त्याचा शब्द म्हणजे शेवटचा असं लहानपणी होतं. पोकेमॉन एक्स आणि वाय हे गेम आल्यानंतरच्या एका दिवाळीत आम्ही दोघं मिरजेला आजोळी होतो, दोघांकडे थ्रीडीएस, इंटरनेट लागत नाही, एका खोलीत बसून लोकल बॅटल, दोघांचेही पोकेमॉन लेव्हल ५० धरून. दोघांच्याही टीममध्ये गारचॉम्प. त्याचा गारचॉम्प म्हणजे गोष्ट खेळतानाच पकडलेला गिबल, गारचॉम्पचं लहानपणीचं रूप, त्यालाच वाढवून वाढवून लेव्हल १०० केलेला, आणि नशिबाने जॉली निघालेला. सुपर ट्रेनिंग करून त्याने स्पीड आणि अटॅकला पूर्ण २५२ दिलेले होते, म्हणजे तो अगदीच अडाणी खेळत होता असं नाही. माझा मात्र ब्रीड केलेला.

गारचॉम्पसमोर गारचॉम्प आला की बॅटल म्हणजे फक्त पहिला वार कुणाचा एवढंच उरतं. ड्रॅगनला ड्रॅगनचा मार दुप्पट बसतो, आणि पूर्ण अटॅकवाल्या गारचॉम्पचा आउटरेज हा ड्रॅगनचा वार समोरच्या साध्या गारचॉम्पला एका फटक्यात संपवतो, लेव्हल ५० ला त्याचा एचपी असतो १८३ आणि कमीत कमी डॅमेज निघतो २१६. दोघांनी आउटरेज दाबला, माझा आधी गेला, त्याचा पडला. दादा म्हणाला दोघांची स्पीड सेम आहे, टाय झाली, आणि टायला गेम नाणं टाकतो, तुझं नशीब. टायला गेम नाणं टाकतो हे खरंय. पुन्हा खेळलो, पुन्हा माझा आधी. पुन्हा खेळलो, तेच. माझा नेहमीच आधी जात होता आणि दादा प्रत्येक वेळी नशीब म्हणत होता. मी म्हटलं टाय असती तर कधीतरी तुझा आधी गेला असता ना, तुझा समरी स्क्रीन दाखव. लेव्हल १०० ला स्पीड ३३२. जॉली, २५२ ईव्ही आणि आयव्ही ३१ असेल तर तिथे ३३३ दिसायला पाहिजे. म्हणजे त्याचा आयव्ही ३०. हे टायचं प्रकरण नव्हतंच, तो दर वेळी हमखास दुसरा होता. दादाने समरी बंद केली आणि म्हणाला, योगायोग आहे.

तर तुमच्या दोन गारचॉम्पमधला फरक इथूनच येतो, शिवाय ईव्ही वेगळे असतील तर तिथूनही.

आता अंडी. एक्स-वायपासून एका पालकाच्या हातात डेस्टिनी नॉट दिली की पिल्लाच्या सहापैकी पाच स्टॅट्सचे आयव्ही आईबापांकडून येतात, प्रत्येक स्टॅटला आई की बाप हे नशिबावर, आणि सहावा आकडा नव्याने पडतो. दुसऱ्या पालकाच्या हातात एव्हरस्टोन दिला की त्याचं नेचर नक्की उतरतं, फक्त एव्हरस्टोन जॉलीवाल्याच्याच हातात आहे ना ते बघा, पिल्लं भलत्याच नेचरची निघायला लागली की समजायचं तिथेच गडबड आहे. मी एक्स-वायमधल्या फ्रेंड सफारीतला डिटो घेतला होता, तो जवळपास कुठल्याही पोकेमॉनबरोबर अंडं देतो, तिथल्या पोकेमॉनला किमान दोन ३१ असतातच, आणि त्याला गिबलबरोबर ठेवलं. पिल्लू आईबापापेक्षा बरं निघालं की कमकुवत पालक काढून त्याच्या जागी पिल्लू बसवायचं, एवढाच सगळा खेळ. गारचॉम्पला स्पेशल अटॅक नको असतो त्यामुळे लक्ष्य पाच ३१ चं. शेवटी नर-मादी दोन्ही गिबलना ते पाचही मिळाले की मग साधारण पाच अंड्यांत एक पिल्लू पाचही घेऊन येतं. ३२ मधल्या एका शक्यतेवरून, तेही पाच वेळा लागोपाठ, तुम्ही पाचात एकवर आलेले असता. ब्रीडिंगची ताकद ती हीच.

लोक अडकतात ते एका ठिकाणी. दोन्ही पालक बघायला झकास, चार-चार ३१, पण स्पीडचा ३१ दोघांकडेही नाही, आणि हे अंड्यांवर अंडी उबवतायत. अशा जोडीतून स्पीड ३१ यायची तर आधी स्पीड हाच न उतरलेला सहावा स्टॅट असायला पाहिजे, सहात एक, आणि मग नव्याने पडलेला आकडा ३१ पाहिजे, बत्तिसात एक. म्हणजे १९२ मध्ये एक. तेच एका पालकाकडे जरी स्पीडचा ३१ असेल तर शंभरात बेचाळीसच्या आसपास पिल्लांना तो मिळतो. म्हणून एखादा स्टॅट सलग अंड्यांत दिसतच नसेल तर उबवणं थांबवा, आधी तो स्टॅट असलेला पालक शोधा, मग तो बाकी बाबतीत कितीही टाकाऊ असू दे. एक्स-वायमध्ये हे तपासायला गोष्ट संपल्यावर उघडणाऱ्या किलूड सिटीच्या पोकेमॉन सेंटरमध्ये एक जज उभा असतो, तो कुठले स्टॅट्स सगळ्यात वरचे आहेत ते सांगतो, आणि ते ३१ असतील तर तसंही सांगतो.

दादाचं दुसरं म्हणणं असं होतं की कंपनीने आकडे लपवलेत म्हणजे ते आपण बघायचेच नाहीत, आपल्या पोकेमॉनवर जीव लावायचा, तो आपोआप स्ट्राँग होतो. हे मला अजिबात पटत नाही. लपवलेल्या आकड्यांवर बोलायला गेममध्येच माणूस उभा केलाय, ते उतरवायला गेममध्येच वस्तू दिल्यात, मग बघायचे नाहीत कसं? आणि जीव लावल्याने स्ट्राँग होतो हे त्याला का वाटायचं तेही मला नंतर कळलं. एक्स-वायमध्ये पोकेमॉन-आमी आहे, त्यात पोकेमॉनला गोंजारलं, पफ खायला घातले की तो गोष्टीतल्या लढायांत कधी वार चुकवतो, कधी १ एचपीवर तग धरतो, क्रिटिकल जास्त मारतो. दादाचा गारचॉम्प हे सगळं करायचा, मी पाहिलंय. पण माणसाविरुद्धच्या लिंक बॅटलमध्ये गेम हे सगळं बंद ठेवतो, तिथे फक्त स्टॅट्स चालतात. गोष्टीत त्याचा अनुभव खराच होता, पण मिरजेच्या त्या खोलीत त्याचा काही उपयोग नव्हता. दादा, तू हे वाचत असशील तर आता तरी मान्य कर.

काही गोष्टी राहिल्या. फक्त गोष्ट संपवायची असेल तर आयव्ही विसरा, काहीही लागत नाही. सगळेच आकडे ३१ पाहिजेत हेही खरं नाही. लेव्हल ५० ला डिफेन्समध्ये एकही ईव्ही नसेल तर गारचॉम्पला ३० आणि ३१ दोन्हीला ११५ च मिळतात, कारण निम्मं करताना तो एक पॉइंट गळून जातो, त्यासाठी चांगलं पिल्लू टाकून देऊ नका. ट्रिक रूमच्या टीमला तर स्पीडचा ० हवा असतो, तिथे हळू असलेला आधी जातो. आणि नेचर चुकलं तर आयव्हीने भरून येत नाही, ३१ आयव्ही आणि पूर्ण ईव्ही असूनही जॉली ऐवजी स्पीड न वाढवणारं नेचर असेल तर १६९ च्या जागी १५४ च राहते.

तुम्ही नवीन गेम खेळत असाल तर गणित बरंच सोपं झालंय. सन आणि मूनपासून, म्हणजे २०१६ पासून, बॉटल कॅप देऊन हायपर ट्रेनिंग करता येतं, त्यात स्टॅट ३१ असल्यासारखा धरला जातो. आधी त्याला लेव्हल १०० लागायची, स्कार्लेट आणि व्हायोलेटमध्ये ५० पुरते. सोर्ड आणि शील्डपासून मिंट देऊन नेचरचा परिणामही बदलता येतो. म्हणजे दादाचा तो जुना गारचॉम्प आज एका कॅपमध्ये माझ्या बरोबरीला आला असता, आणि मला त्याचा आनंदच झाला असता. पण कॅपने ० करता येत नाही, आणि हायपर ट्रेनिंगचा ३१ किंवा मिंटचं नेचर पिल्लात उतरत नाही, पिल्लाला मूळचाच आकडा आणि मूळचंच नेचर मिळतं. त्यामुळे तुमच्या दोन गारचॉम्पपैकी लढायला कुठलाही घ्या आणि कॅप द्या, पण ब्रीडिंगला ठेवायचा असेल तर ज्याचा स्पीडचा ३१ जन्मापासून आहे तोच ठेवा.