आग्रहाचं निमंत्रण तेलुगूत नको

बाळा,

अनेक आशीर्वाद. ताईच्या सासरच्या मंडळींना द्यायचा तेलुगू मजकूर पोचला. आपल्या मराठी पत्रिकेचाच तू ओळीला ओळ अनुवाद केला आहेस, ते पहिल्याच वाक्यात कळलं. ‘आग्रहाचे निमंत्रण’ तू जसंच्या तसं ‘आग्रहम्’ म्हणून ठेवलंयस. तेलुगूत आग्रहम् म्हणजे संताप. सोलापुरात तेलुगू वस्तीच्या पूर्वभागात माझा छापखाना होता तेव्हा ही चूक मी स्वतः केली आहे. पत्रिका हातात घेऊन एक पद्मशाली आजोबा हसत म्हणाले, “कोपम् एंदुकंडी?” म्हणजे, राग कशाला हो? अख्खा गठ्ठा पुन्हा छापावा लागला, तोही माझ्या खर्चाने.

‘अगत्य’ही तसंच. तिकडे त्याचा अर्थ निकड, गरज. दोन्ही भाषांनी संस्कृतातून घेतलेले शब्द ओळखीचे दिसतात आणि तिथेच आपण फसतो. ‘लग्नपत्रिका’सुद्धा तिकडे वेगळी. पुरोहित मुहूर्त काढून लिहून देतात ती लग्नपत्रिका. पाहुण्यांना वाटतो ती ‘शुभलेख’. तेव्हा व्याह्यांना फोन करून “लग्नपत्रिका पाठवतो” म्हणालास, तर ते भटजींचा कागद समजतील.

थोडक्या मजकुरासाठी खालची चौकट पुरे. तुला मोठ्याने वाचता यावी म्हणून नागरीत लिहितोय.

श्रीरस्तु । शुभमस्तु । अविघ्नमस्तु

मा कुमार्ते चि.ल.सौ. (वधू) नु, श्रीमति (सासूबाई), श्री (सासरे) दंपतुल कुमारुडु चि. (वर) कु इच्चि विवाहमु जरिपिंचुटकु पेद्दलु निश्चयिंचिनारु. कावुन मीरु सकुटुंब सपरिवार समेतमुगा विच्चेसि, वधूवरुलनु आशीर्वदिंचि, मा आतिथ्यमु स्वीकरिंचि मम्मु आनंदिंपजेय प्रार्थन.

सुमुहूर्तमु : (वार, तारीख, वेळ)
वेदिक : (कार्यालयाचं नाव, पत्ता)

इट्लु,
(आई-बाबांची नावं) दंपतुलु

अर्थ सरळ आहे. आमची मुलगी अमक्यांच्या मुलाला देऊन विवाह करायचं वडीलधाऱ्यांनी ठरवलं आहे, तरी आपण सहकुटुंब सहपरिवार येऊन आशीर्वाद द्यावेत आणि आमचा पाहुणचार घ्यावा. ‘चि.ल.सौ.’ म्हणजे चिरंजीवी लक्ष्मी सौभाग्यवती. आपल्या ‘चि.सौ.कां.’च्या जागी ते येतं. नवरामुलगा नुसता ‘चि.’. त्याच्या नावापुढे आदरार्थी ‘गारु’ लावू नकोस. वडीलधाऱ्यांना ‘गारु’ शोभतं, पण ज्याला आशीर्वाद द्यायचा त्याला चिरंजीवच म्हणतात. ‘विच्चेसि’ हे ‘वच्चि’चं अदबीचं रूप. ‘या’ आणि ‘पधारावं’ यांत जो फरक, तोच इथे समज.

‘इच्चि’ म्हणजे देऊन. ताईला हा शब्द खटकेल, मला ठाऊक आहे. मुलीकडच्या शुभलेखेत तो रूढ आहे, पण त्यावाचून अडत नाही. ‘नु’ आणि ‘कु इच्चि’ काढून ‘मा कुमार्ते चि.ल.सौ. (वधू) विवाहमु, … कुमारुडु चि. (वर) तो जरिपिंचुटकु’ असं लिही. सासरच्या आजींना ते जरा नवं वाटेल, चूक वाटणार नाही. माझं मत विचारशील तर ताईचंच ऐक. आजी शेवटी वेळच बघतात.

नावापुढच्या प्रत्ययाकडे लक्ष दे. नाव इकारान्त असेल तर ‘नि’ आणि ‘कि’, एरवी ‘नु’ आणि ‘कु’. श्रावणी असेल तर ‘श्रावणिनि’, मेघना असेल तर ‘मेघननु’. मेघनाचा शेवटचा ‘ना’ तेलुगूत बहुतेक ऱ्हस्वच लिहितात. ताईला ते चालेल का, हे छापण्याआधी विचारून घे.

आपली आडनावं तेलुगू लिपीत उतरवताना आणखी एक फसगत होते. ‘सावंत’ लिहून आपण शेवटचा ‘अ’ गिळतो. तेलुगू वाचणारा गिळत नाही, तो ‘सावंता’सारखं वाचेल. म्हणून त ला पोल्लु, म्हणजे आपला हलन्त, लागतो. ‘देशपांडे’त तो मधल्या श ला हवा, नाहीतर ‘दे-श-पांडे’ असं अडखळत वाचलं जाईल. उलट त्यांच्याकडे आडनाव, म्हणजे इंटिपेरु, आधी येतं, बहुतेकदा नुसत्या आद्याक्षराने. ते आपल्या सवयीने शेवटी नेऊ नकोस. सोपा उपाय म्हणजे त्यांच्या घरातल्या एखाद्या जुन्या शुभलेखेचा फोटो मागव आणि सगळी नावं अक्षरशः तिच्यावरून उतरव.

आता मुहूर्त. इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. आपल्याकडे मंगलाष्टकं संपून अंतरपाट दूर होतो ती वेळ. तेलुगू लग्नात वधूवर एकमेकांच्या डोक्यावर जीलकर्र-बेल्लम्, म्हणजे जिरं-गूळ, ठेवतात तो क्षण सुमुहूर्त. हा क्षण अनेकदा मध्यरात्रीनंतर असतो. समजा भटजींनी रविवारी रात्री 2.15 सांगितलं. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून त्यांच्या हिशोबात तो रविवारच, पण तारीख मात्र सोमवारची. तिकडची पत्रिका हे एका शब्दात सोडवते : ‘आदिवारमु रात्रि 2.15 (तेल्लवारिते सोमवारमु)’. म्हणजे उजाडलं की सोमवार. हे कंसातलं गाळलंस, तर कुणीतरी चुकीच्या दिवसाचं तिकीट काढेल. आणि हो, रविवारला ‘आदिवारमु’च लिही.

तिथी घालायची तर काम हलकं आहे. त्यांचे महिने आपल्यासारखेच अमावास्येला संपतात आणि उगादी गुढीपाडव्यालाच येते. 19 मार्च 2026 ला सुरू झालेल्या संवत्सराचं नाव दोघांकडे पराभवच. महिना तोच, ‘शुद्ध’ तसंच ठेव. फक्त ‘वद्य’च्या जागी ‘बहुळ’ लिही.

‘आहेर आणू नये’ ही ओळ तू ‘कट्नम्’ शब्द वापरून लिहिली आहेस. ती काढ. कट्नम् म्हटलं की आधी हुंडा आठवतो, आणि मुलीकडच्यांनी तो शब्द छापावा हे बरं दिसत नाही. ‘कानुकलु स्वीकरिंचबडवु’ पुरे, म्हणजे भेटवस्तू स्वीकारल्या जाणार नाहीत.

छपाईला मजकूर मोबाइलवरून चिकटवून देऊ नकोस. तेलुगू छापखान्यांत अजून ‘अनु’सारखे जुने फाँट चालतात, ते युनिकोड नाहीत. तुझी अक्षरं तिथे गेली की कचरा होतो. पीडीएफ किंवा चित्र दे आणि कच्चं प्रूफ मागव. प्रूफात सगळ्यात आधी ‘लक्ष्मी’ बघ. आडनावात, देवाच्या नावात, कार्यालयाच्या नावात कुठेतरी तो शब्द सापडेलच. त्यात ‘क’ खाली ‘ष’ आणि ‘म’ चिकटलेले असतात. ती खालची अक्षरं, म्हणजे वत्तुलु, सुटी होऊन शेजारी उभी राहिली असतील, तर फाँट बिघडलाय. मग बाकी प्रूफ वाचण्यात अर्थ नाही, परत पाठव.

प्रूफ नीट आलं की नवरदेवाच्या आजींना फोन लाव आणि त्यांनाच मोठ्याने वाचायला सांग. जिथे त्या थांबतील किंवा हसतील तिथे खूण कर. मग छाप. पहिल्या प्रतीच्या चारही कोपऱ्यांना हळद-कुंकू लाव, त्यांच्याकडेही तशीच रीत आहे, आणि ती प्रत आजींनाच नेऊन दे.

तुझा,
काका