शटर उघडं की बंद, टिल्ट सेन्सरने कळेल का?

प्रश्न: घरी आधीपासून गुंडाळणारं शटर आहे, टिल्ट सेन्सर लावला तर उघडं-बंद कळेल का?

उत्तर: गुंडाळणाऱ्या शटरला नको. टिल्ट सेन्सरला फक्त आडवं-उभं कळतं आणि शटरची खालची पट्टी वर गेली तरी उभीच राहते, म्हणजे अर्धं शटर उघडं असलं तरी मोबाईलवर बंदच दिसणार, आणि वरच्या पट्टीवर लावला तर गुंडाळताना चिरडेल. त्यापेक्षा खालच्या पट्टीला लोहचुंबक आणि बाजूच्या भिंतीवर रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आहे की नाही ते ओळखणारा स्विच, लावा.

पॅनलचं गॅरेज डोअर छताखाली आडवं होतं, तिथे मात्र टिल्ट मस्त चालतो, फक्त सगळ्यात वरच्या पॅनलवर लावा कारण तेच आधी कलतं, खालचं पॅनल दार जवळजवळ पूर्ण उघडेपर्यंत उभंच असतं. वाऱ्याने दार हललं की खोटे अलर्ट येतात, म्हणून स्थिती २-३ सेकंद टिकली तरच कळवायचं असं सेट करा.