दुसरा अ‍ॅनालायझर कधी घ्यावा?

प्रश्न: आमचा बायोकेमिस्ट्री अ‍ॅनालायझर ताशी 400 टेस्टचा आहे. पुढच्या वर्षी रोज 1800 टेस्ट होतील. दुसरं मशीन घ्यावं का?

उत्तर: सकाळच्या नमुन्यांचे रिपोर्ट दुपारी दोनपर्यंत द्यायचे असतील तर नको, बारापर्यंत द्यायचे असतील तर हवं. 1800 भागिले 400 म्हणजे साडेचार तास, असा हिशोब करू नका. 400 हा आकडा माहितीपत्रकातला आहे. दोन रिएजंटच्या टेस्ट, प्रोब धुणं, डायल्युशन यांत वेग पडतो. आमच्याकडे तो 260च्या आसपास येतो. तुमचा खरा वेग सोमवारच्या लॉगवरून काढा: गर्दीच्या तीन तासांत किती निकाल बाहेर पडले ते मोजा. शिवाय उपाशीपोटीचे नमुने सकाळीच येतात. समजा 60 टक्के, म्हणजे 1080 टेस्ट अकराच्या आत आल्या. रिपीट आणि कंट्रोलचे दहा टक्के धरून 1190. भागिले 260, म्हणजे साधारण 4.6 तास. साडेआठला सुरुवात केली तर एक वाजून गेलेला असतो, तेही कॅलिब्रेशन आधीच उरकलं असेल तर. दुपारनंतर हेच मशीन रिकामं बसतं, म्हणून दिवसाची सरासरी फसवी ठरते.

एक मात्र तपासा: 1800 मध्ये ग्लोब्युलिन, व्हीएलडीएल, इनडायरेक्ट बिलिरुबिन मोजलेत का? ते गणिताने निघतात, मशीनवर लागत नाहीत. बिघाडासाठी पर्यायी मशीन हवं असेल तर तो वेगळा प्रश्न. त्याला छोटं मशीनही चालतं.