कन्फर्म बुकिंगवरचं नाव बदलून द्यावं का?

"तारकर्लीला आमचं चार खोल्यांचं होमस्टे आहे. एका गेस्टने पूर्ण पैसे भरलेत, आता म्हणतो मला जमत नाही, मेहुण्याच्या नावावर करा. करू का? पॉलिसीत काय लिहू, रिप्लाय काय देऊ?"

करा की, खोली रिकामी ठेवून काय मिळणारे. फक्त सांगतंय कोण ते आधी बघा.

आमच्याकडे नाताळात एक फोन आला, नंबर वेगळाच, म्हणे बुकिंग माझ्या मित्राचं होतं, त्याने मला दिलंय, नाव बदला. मी लगेच वहीत खाडाखोड करून मोकळा. चेक-इनच्या दिवशी दुपारी तो मित्र बायकापोरांसकट दारात, हातात माझाच कन्फर्मेशनचा मेसेज, आणि तासाभराने हा दुसरा पण हजर! खोली एक, फॅमिल्या दोन. शेवटी शेजारच्या काकांकडे खोली बघितली, भाडं माझ्या खिशातून. तेव्हापासून ज्या नंबरवरून बुकिंग झालं त्याच नंबरवरून लेखी मेसेज आल्याशिवाय मी नावाला हात लावत नाही.

दुसरी गोची पैशाची. उद्या मेहुण्याने कॅन्सल केलं तर रिफंड कोणाला? ज्याने भरले त्यालाच, ज्या खात्यातून आले तिथेच. हे आधी लिहून ठेवा, नाहीतर दोघं तुमच्याशी भांडतील.

स्पेलिंग चुकलंय किंवा नवऱ्याऐवजी सोबत येणाऱ्या बायकोचं नाव टाकायचंय, तर तो ट्रान्सफर नाहीच, आयडी बघून बदला आणि विषय संपवा. बुकिंग ॲपवरून आलेलं असेल तर मात्र गेस्टला तिथूनच बदलायला सांगा, तुम्ही फक्त वहीत बदललंत तर व्हाउचरवर जुनंच नाव राहतं. आणि नवीन पाहुणा परदेशी निघाला तर पासपोर्ट-व्हिसाची कॉपी आधीच मागा, त्याची माहिती तो आल्यापासून २४ तासांत इमिग्रेशनला ऑनलाइन कळवावी लागते.

पॉलिसीत मी असं लिहिलंय:

"बुकिंगवरील नाव चेक-इनच्या ४८ तास आधीपर्यंत एकदा विनामूल्य बदलता येईल. विनंती बुकिंग केलेल्या नंबरवरूनच लेखी यावी. तारीख, खोली व माणसांची संख्या तीच राहील. रिफंड झाल्यास मूळ पैसे भरणाऱ्यालाच मिळेल. नाव बदलल्यावर मूळ गेस्टचा खोलीवर हक्क राहणार नाही."

शेवटचं वाक्य माझ्या नाताळामुळे आलंय :)

आणि रिप्लाय:

"नमस्कार सर, नाव बदलून देतो. मेहुण्यांचं आयडीवर आहे तसं पूर्ण नाव आणि मोबाइल नंबर पाठवा, आणि 'माझं बुकिंग यांच्या नावे करा' एवढं याच नंबरवरून लिहा. तारखा आणि दोन माणसं तेवढीच राहतील, कॅन्सल झालं तर रिफंड तुमच्याच खात्यात येईल. चेक-इनला त्यांचं ओरिजिनल आयडी लागेल."

उत्तर आलं की नवीन नावाचं कन्फर्मेशन दोघांनाही पाठवा, आणि त्यात जुनं रद्द झालं असं स्पष्ट लिहा.