'काढलीस'मधला स

'माझ्या कथेत सांगलीतले सुभाष आणि दत्ता हे जुने मित्र आहेत. भागीदारीत लग्नपत्रिका छापायचे, हिशेबावरून फाटलं, सहा वर्षं बोलणं नाही. संक्रांतीला सुभाषकडून "आपणांस व आपल्या परिवारास मकरसंक्रांतीच्या हार्दिक शुभेच्छा. तीळगुळ घ्या, गोड बोला" हा फॉरवर्ड चुकून दत्ताला जातो. दुसऱ्या दिवशी दत्ता लिहितो, "धन्यवाद. आपल्यालाही शुभेच्छा. खूप दिवसांनी आठवण काढलीस." हे उत्तर मला खटकतंय, पण नेमकं काय ते सापडत नाही. शिवाय दोघांमध्ये जे आहे त्याला "अबोला" म्हणू की "वितुष्ट"?'

खटकतोय तो 'काढलीस'मधला शेवटचा स. 'आपल्यालाही' म्हणताना दत्ता चार हात लांब उभा आहे आणि लगेच पुढच्या वाक्यात तो थेट अरेतुरेवर येतो. मधली पायरी गळली आहे आणि तुमची कथा घडते ती त्याच पायरीवर.

तेवढा स काढून बघा: 'खूप दिवसांनी आठवण काढली.' आता कोणी काढली हे वाक्य सांगतच नाही. 'काढलीस' म्हटलं की तू, 'काढलीत' म्हटलं की तुम्ही, आणि नुसतं 'काढली' म्हटलं की क्रियापद 'आठवण' या कर्माला धरून चालतं आणि कर्ता बाहेरच राहतो. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात मराठी ही सोय देते. तू म्हणावं की तुम्ही अशी पंचाईत झाली की आपण सगळेच ती आणि तिच्यासारख्या इतर पळवाटा वापरतो, नकळत. नव्या जावयाशी सासरची माणसं किंवा वीस वर्षांनी भेटलेल्या, आता स्वतःच साहेब झालेल्या विद्यार्थ्याशी वर्गातल्या बाई बोलताना ऐका. 'जेवण झालं का?', 'येणं कधी झालं?', 'हल्ली कुठं असणं?' असे प्रश्न येतील. सगळं विचारून होतं आणि समोरच्याला सर्वनाम लावायची वेळ येत नाही. दत्ता आणि सुभाष सहा वर्षांनी बोलायला लागतील तेव्हा अशाच वाक्यांनी लागतील. तू म्हणायचा हक्क राहिला आहे की नाही हे दोघांनाही माहीत नाही आणि तुम्ही म्हणणं म्हणजे भांडण कायमचं मान्य करणं.

आता फॉरवर्डची भाषा. त्यातल्या 'घ्या' आणि 'बोला'वर दत्ताला अडायला लावू नका. ते अनेकवचन कुणाच्याच मानासाठी नसतं. आईसुद्धा पोराच्या हातावर तिळगूळ ठेवताना 'घ्या, गोड बोला' म्हणून जाते, कारण ते वाक्य तसंच ठरून गेलंय. टोचायचंच असेल तर 'आपणांस' टोचेल. 'आपण' हा शब्द मुळात 'स्वतः' या अर्थाचा, संस्कृत 'आत्मन्'पासून प्राकृतातून आलेला. 'तो आपण होऊन आला' म्हणतो तेव्हा तो जुना अर्थ अजून दिसतो. पुढे त्याला दोन उलट दिशा फुटल्या. 'आपण दोघं ते मशीन घेऊ' यात ऐकणाराही बोलणाऱ्याच्या कुळात आला. 'आपण आसनस्थ व्हावं' यात ऐकणारा पार लांब, व्यासपीठावर गेला. छापखान्याच्या काळात सुभाषच्या तोंडून दत्तानं पहिला 'आपण' रोज ऐकला असणार. आता त्याच्याकडून येतोय तो दुसरा.

मात्र हे कथेत उलगडून सांगू नका. दत्ता लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवणारा माणूस आहे. 'तरी आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून वधू-वरांस शुभाशीर्वाद द्यावेत' हे वाक्य त्याच्या हाताखालून किती वेळा गेलं असेल! 'आपणांस'वरचा अनुस्वार आदरार्थी बहुवचनाचा, तो द्यायचा राहून गेला तर गिऱ्हाईक नाही पण जुना वाचक फोन करतो, हेही त्याला ठाऊक. असला 'आपण' विशिष्ट कुणाला उद्देशून नसतो हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? तेव्हा तो दुखावला जाईल ही शक्यता कमी. त्याची नजर जाईल ती दुसरीकडे, 'तीळगुळ'वर.

तीळ दीर्घ, गूळ दीर्घ. दोन्ही जोडले की पहिला ती ऱ्हस्व होतो आणि शेवटचा गू दीर्घ राहतो: तिळगूळ. प्रत्यय लागला की तोही ऱ्हस्व: तिळगुळाचा, तिळगुळाला. फॉरवर्डवाल्यानं नेमकं उलटं केलंय, जिथं ऱ्हस्व हवा तिथं दीर्घ आणि जिथं दीर्घ तिथं ऱ्हस्व. ज्यानं आयुष्यभर प्रुफं तपासली त्याला हे सहन होणार नाही, आणि 'धन्यवाद'पेक्षा हे उत्तर जास्त खरं आहे. धन्यवाद म्हणजे विषय संपला. चूक काढली की समोरच्याला काहीतरी म्हणावंच लागतं.

'चुकून' या शब्दाचाही विचार करा. व्हॉट्सॲपवर सणाचे संदेश पुष्कळ जण ब्रॉडकास्ट लिस्टनं पाठवतात. एकदा यादी केली की दरवर्षी तीच, आणि सहा वर्षांपूर्वीचा भागीदार त्या यादीत राहून जाणं अगदी शक्य. पण या यादीचा एक नियम आहे: ज्यानं पाठवणाऱ्याचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवून ठेवलाय त्यालाच संदेश पोचतो. म्हणजे संदेश दत्तापर्यंत गेला याचा अर्थ दत्तानं सुभाषचा नंबर पुसलेला नाही. दत्ताला तो एकट्याला आल्यासारखाच दिसेल, यादीतली बाकीची नावं दिसणार नाहीत, आणि त्याचं उत्तर फक्त सुभाषकडेच जाईल. तुमच्या कथेत पाठवणारा बेसावध आहे, पण ज्याला मिळालं त्याचीच चोरी पकडली गेली आहे. हा धागा फुकट घालवू नका.

हे सगळं धरून मी संवाद असा लिहीन:

दत्ता: तिळगूळ. पहिला ऱ्हस्व, दुसरा दीर्घ.
सुभाष: फॉरवर्ड आहे. मी नाही लिहिलं.
दत्ता: पाठवायच्या आधी वाचायचं असतं.
सुभाष: नंबर ठेवलाय वाटतं अजून.
दत्ता: खोडायचा राहिला.
सुभाष: तिळगूळ पोचला म्हणायचं मग.
दत्ता: फॉरवर्ड पोचला.
सुभाष: मग ये की. घरी केलाय.

शेवटच्या ओळीपर्यंत कुणी कुणाला तू किंवा तुम्ही म्हटलेलं नाही. 'वाचायचं असतं' हा सगळ्या जगाला लागू असलेला नियम. 'ठेवलाय' यात पुन्हा तोच कर्माचा आडोसा, कारण तू आणायचा असता तर 'ठेवलायस' झालं असतं. 'खोडायचा राहिला' म्हणताना दत्ता सगळा दोष नंबरावर टाकतो. मग 'ये' या एका अक्षरात तू येतो, सर्वनामाशिवाय, आणि तो सुभाषकडून येतो. तो दत्ताकडून यावा असं तुमच्या मसुद्यात होतं. मला ते पटत नाही. फॉरवर्डमधला 'आपणांस' ज्याच्याकडून गेला त्यानंच तो परत घ्यायला हवा.

'की' जपून ठेवा. पुण्याकडे इथं 'ये ना' होईल. 'ये ना'मध्ये आर्जव असतं, समोरचा नाही म्हणेल ही धास्ती असते. सांगली-कोल्हापूरकडच्या 'ये की', 'बस की', 'घे की'मध्ये न येण्याचं कारणच काय असा सूर असतो. सहा वर्षं मधे गेलीच नाहीत असं धरून चालायचं असेल तर 'की'सारखं दुसरं काही नाही. बोलीचा एवढाच रंग पुरे. दोघं पत्रिका छापणारे, शहरात वाढलेले. बोलताना 'काय करायलायस' म्हणतील, पण टाइप करताना त्यांच्या हातून बरंचसं पुस्तकी मराठीच येईल. प्रत्येक ओळीत 'न्हाई' आणि 'व्हय' पेरलं तर ती सांगलीची बोली न राहता नाटकातल्या गावकऱ्याची होते.

उत्तर दुसऱ्या दिवशी येतं तेही बदला. संक्रांतीचा दुसरा दिवस म्हणजे किंक्रांत, करिदिन. त्या दिवशी जुन्या वळणाची माणसं नवं काही सुरू करत नाहीत, आणि मुहूर्तांच्या पत्रिका छापणाऱ्याला ते चांगलंच माहीत असणार. तिळगूळ रथसप्तमीपर्यंत चालतो, म्हणजे दत्ताला बरेच दिवस आहेत. चार दिवस त्यानं संदेश उघडून परत मिटावा आणि पाचव्या दिवशी चूक काढावी. 'ये की' तरीही उशिराचं ठरत नाही, रथसप्तमी यायची असली म्हणजे झालं.

राहिला 'अबोला'. अबोला धरला जातो आणि सोडला जातो. धरणाऱ्याला समोरच्यानं यावं, विचारावं असं आतून वाटत असतं. त्यामुळे तो नवरा-बायकोत, बहीण-भावंडांत, एका छपराखाली शोभतो. दोन पन्नाशीचे पुरुष आपल्याबद्दल 'आमच्यात अबोला आहे' असं म्हणणार नाहीत, लाजतील. 'वितुष्ट' त्यांच्या तोंडी येणार नाही, ते वर्तमानपत्रात दोन पुढाऱ्यांत येतं. 'दुरावा'त भांडण नसतं, नुसतं अंतर वाढतं. सुभाषला कुणी विचारलं तर तो म्हणेल, 'आमचं बोलणं नाही,' किंवा फार तर 'आमची बोलचाल बंद आहे.' इथं 'बोलाचाली' लिहून बसू नका. बोलाचाली म्हणजे शब्दाला शब्द लागून झालेली बाचाबाची. हिशेबाच्या वहीवरून त्या दिवशी दोघांत झाली ती बोलाचाली, आणि तिच्यापायी बंद पडली ती बोलचाल. एका काना-वेलांटीच्या चुकीनं तुमच्या कथेत दोघं सहा वर्षं भांडतच राहतील.

'अबोला' हवाच असेल तर तो दत्ताच्या बायकोला द्या. त्याला फोन उघडून परत मिटताना बघून ती म्हणेल, 'सोडा की आता अबोला.' तिच्या तोंडी तो चिडवणारा होतो आणि दत्ताला नाकारायला जागा राहत नाही. निवेदकानं मात्र तो वापरू नये.