बंद खात्यावर केलेला एनईएफटी परत यायला इतके दिवस का लागतात?

प्रश्न: मंगळवारी फ्लॅटच्या डिपॉझिटचे ६५ हजार एनईएफटी केले. माझ्या अकाउंटमधून कट झाले, स्टेटस SUCCESS दाखवते, पण घरमालकाला मिळाले नाही. तो आता म्हणतो ते अकाउंट मागेच बंद केलं. आज शुक्रवार. पैसे परत येतील का, आणि मी त्याच्या दुसऱ्या अकाउंटला पुन्हा पाठवू का?

उत्तर:

येतील भाऊ, ते अकाउंट खरंच बंद असेल तर पूर्ण ६५ हजार येतील. बंद खात्यात बँकेला जमा करताच येत नाही, त्यांना ते परत पाठवावेच लागतात. सध्या ते पैसे मधे कुठेतरी पडून आहेत, ते कुठे पडले हे शोधलं की काम लवकर होते.

मी नागपूरच्या कळमना मार्केटमध्ये एका संत्र्याच्या अडतीवर अकाउंट्स पाहतो. काटोल, नरखेड, वरुडकडच्या शेतकऱ्यांचे पेमेंट माझ्याच हातून जातात, सीझनमध्ये दिवसाला वीस-पंचवीस, त्यामुळे हे रिटर्नचं प्रकरण मी बरेचदा पाहिलं आहे.

पहिले ते SUCCESS समजून घ्या, कारण सगळा घोळ तिथूनच होते. एनईएफटी दर अर्ध्या तासाच्या बॅचमध्ये जाते, दिवसाला ४८ बॅच, आणि १६ डिसेंबर २०१९ पासून रात्री अन् सुट्टीच्या दिवशी पण चालू असते. तुमच्या बँकेने पैसे बॅचमध्ये टाकले आणि समोरच्या बँकेकडे पोचले की तुमच्या स्क्रीनवर SUCCESS येते, म्हणजे समोरच्या बँकेला मिळाले, समोरच्या माणसाला मिळाले असं नाही. माणसाच्या खात्यात जमा झाले की त्याची बँक तुमच्या बँकेला वेगळा मेसेज पाठवते, बँकवाले त्याला N10 म्हणतात, आणि त्यावरूनच तुम्हाला "बेनिफिशियरीच्या खात्यात जमा झाले" असा एसएमएस येते. तो एसएमएस तुम्हाला आला का ते एकदा पाहा. आला नसेल तर जमा झालेले नाहीत असंच धरून चाला.

आता नियम असा आहे की जमा होत नसेल तर बॅच सेटल झाल्यापासून २ तासात समोरच्या बँकेने पैसे परत पाठवायचे. दोन्ही बँका मोठ्या असल्या तर बंद खात्याचा रिटर्न खरंच दोन-तीन तासात येते, सिस्टीमच परत पाठवते, कोणी माणूस त्याला हात पण लावत नाही. मग तुमचे चार दिवस काहून लागले? घरमालकाचं ते जुनं खातं एखाद्या छोट्या सहकारी बँकेत होतं का, हे त्याला नक्की विचारा. बऱ्याच छोट्या सहकारी बँका एनईएफटीमध्ये स्वतः मेंबर नसतात, एखाद्या मोठ्या बँकेच्या मार्फत येतात, त्या मोठ्या बँकेला स्पॉन्सर बँक म्हणतात. पैसे आधी स्पॉन्सर बँकेकडे येतात, तिथून फाईल सहकारी बँकेकडे जाते, तिथे खात्यात जमा करतात, आणि जमा नाही झाले तर उलट त्याच रस्त्याने परत. या रस्त्यात कुठे माणसाचं काम असलं तर एनईएफटी रविवारी चालू असून उपयोग काय, तो माणूस सोमवारीच येणार.

आमच्याकडचीच गोष्ट सांगतो. फेब्रुवारीत मृग बहाराच्या संत्र्याचा काटोलकडच्या एका शेतकऱ्याचा हिशेब झाला, १,८४,५०० रुपये. त्याचे वडील आधीच्या वर्षी वारले होते, त्यांचं सहकारी बँकेतलं खातं वारसाच्या कागदपत्रावर बंद झालं होतं, त्याने आपल्या नवीन पासबुकचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला पण होता. पण नेटबँकिंगमध्ये बेनिफिशियरी जुनाच, वडिलांचा, सेव्ह होता, आडनाव तेच, गाव तेच, मी त्यावरच पाठवून दिले. बुधवारी दुपारी अडीचला पैसे कट, तीन वाजून पाचला SUCCESS.

गुरुवारी त्याचा फोन, "दादा, पैसे नाही आले जी." मी त्याला स्क्रीनशॉट पाठवला, तो म्हणे माझ्या खात्यात तर काहीच नाही. तेव्हा फोटो काढून नंबर जुळवला तर शेवटचे चार आकडे वेगळे. मग त्याला म्हटलं वडिलांच्या ब्रँचमध्ये जा आणि हा यूटीआर नंबर दाखव. यूटीआर म्हणजे त्या व्यवहाराचा नंबर, एनईएफटीचा १६ अक्षरी असते आणि आरटीजीएसचा २२ अक्षरी. काही अॅपमध्ये वरती दिसते तो त्या अॅपचा स्वतःचा रेफरन्स नंबर असते, तो समोरच्या बँकेत कोणालाच सापडत नाही, म्हणून १६ अक्षरं मोजून घ्या.

शुक्रवारी ब्रँचने सांगितलं की एन्ट्री आमच्याकडे आलेली आहे, खातं बंद आहे म्हणून ती बाजूला ठेवली होती, आता स्पॉन्सर बँकेला रिटर्न टाकतो. शनिवार-रविवार गेला. सोमवारी ते म्हणे आम्ही पाठवून दिले, आणि आमची बँक म्हणे आम्हाला आलेच नाही. इथे बरेच लोक अडकतात, दोन्ही बँका एकमेकांकडे बोट दाखवतात आणि आपण मधे. मी सहकारी बँकेकडून रिटर्नचा स्वतःचा नंबर आणि वेळ मागून घेतली, ते एका कागदावर लिहून आमच्या ब्रँचला अर्ज दिला. अर्ध्या तासात सापडले. रिटर्न सोमवारी सकाळीच आला होता, पण सिस्टीमने आमच्या खात्यात आपोआप टाकला नाही, बँकेच्याच सस्पेन्स खात्यात, म्हणजे कोणाच्या खात्यात टाकायचे हे न ठरलेले पैसे बँक तात्पुरते ठेवते तिथे, पडून होता. मॅडमनी हाताने एन्ट्री मारली आणि मंगळवारी आमच्या स्टेटमेंटवर NEFT RETURN, त्याच्यापुढे आमचाच जुना यूटीआर आणि ACCOUNT CLOSED असं आलं. म्हणजे सहा दिवसात जवळपास दीड दिवस ते पैसे आमच्याच बँकेत होते आणि कोणाला माहीत नव्हतं.

म्हणून तुम्ही दोन्हीकडून विचारा. घरमालकाला जुन्या ब्रँचमध्ये यूटीआर घेऊन पाठवा आणि एवढंच विचारायला सांगा की ही एन्ट्री इनवर्डमध्ये, म्हणजे बाहेरून आलेल्या पैशात, आली का, आली तर रिटर्न कधी केली, रिटर्नचा नंबर काय. आणि तुम्ही तुमच्या बँकेत "पैसे कुठे गेले" असं न विचारता "या यूटीआरचा रिटर्न तुमच्या सस्पेन्सला आला आहे का ते पाहा" असं विचारा. पहिल्या प्रश्नावर ते कॉम्प्युटर पाहून SUCCESS म्हणतात, दुसऱ्यावर त्यांना उघडून पाहावंच लागते. काऊंटरवर दाद नाही मिळाली तर प्रत्येक बँकेचं एनईएफटीसाठी वेगळं कस्टमर फॅसिलिटेशन सेंटर असते, त्यांना यूटीआर, तारीख, रक्कम टाकून मेल करा, ते लोक हेच काम करतात.

उशिराचं व्याज पण तुमच्या हक्काचं आहे. दोन तासाच्या पुढे जेवढे दिवस गेले त्याचं रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, अधिक २ टक्के या दराने बँकेने द्यायचं असते. आमच्या १,८४,५०० वर रेपो साडेपाच टक्के धरला तर वर्षाला साडेसात टक्के, म्हणजे दिवसाचे साधारण ३८ रुपये. तुमच्या ६५ हजारावर १३-१४ रुपये होतील. छोटी रक्कम आहे, पण अर्जात ती ओळ नक्की लिहा, कारण व्याजाचं लेखी आलं की दोन बँकांपैकी उशीर कोणाकडे झाला हे त्यांना लेखी शोधावं लागते. १०० रुपये रोजचे मिळतात असं जे ऐकायला येते ते आयएमपीएस आणि यूपीआयचं आहे, एनईएफटीला ते लागू नाही.

आता पुन्हा पाठवू का, हा तुमचा खरा प्रश्न. खातं बंद आहे हे घरमालकाच्या फक्त तोंडी बोलण्यावर मानू नका. ब्रँचचा मेसेज, मेल, खातं बंद केल्याचा कागद किंवा CLOSED शिक्का मारलेलं पासबुक, काहीतरी पाहा. ते पाहिलं तर बिनधास्त दुसऱ्या खात्यावर पाठवा, कारण पहिले पैसे आता त्याला मिळूच शकत नाहीत. काहीच दाखवत नसेल तर रिटर्न येईपर्यंत थांबा.

आणि हे थांबायचं मी का म्हणतो, तर नावाच्या भानगडीमुळे. पुष्कळ लोकांना वाटते नाव जुळलं नाही की पैसे परत येतात. तसं नाही. एनईएफटी, आरटीजीएसमध्ये पैसे अकाउंट नंबरवरच जमा होतात, नाव जुळवायची सक्ती बँकेवर नाही. काही सहकारी बँकेत माणूस नाव पाहून अडवते, मग तिथे रिटर्न येते, कधी फक्त आडनाव आधी की नंतर एवढ्यावरून पण अडकते. पण बाकी ठिकाणी नंबर चालू असला की पैसे जमा, मग नाव कोणाचंही लिहिलेलं असो. एक आकडा चुकला आणि तो नंबर दुसऱ्या कोणाच्या सुरू असलेल्या खात्याचा निघाला तर रिटर्न कधीच येणार नाही, त्या माणसाने हो म्हटल्याशिवाय बँक परत काढू शकत नाही, तुमची बँक फक्त विनंती पाठवू शकते. म्हणून आज घरी बसून पहिले काम हे करा, तुम्ही पाठवलेला नंबर आणि घरमालकाच्या जुन्या पासबुकवरचा नंबर आकडा आकडा जुळवा. जुळला तर तुमचं प्रकरण साधं रिटर्नचं आहे. नाही जुळला तर आजच तुमच्या बँकेत लेखी द्या, सोमवारची वाट पाहू नका.

दुसऱ्या खात्यावर पाठवताना रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५ पासून एनईएफटी, आरटीजीएसला सुरू करायला लावलेली नाव पाहायची सोय वापरा, बेनिफिशियरी जोडताना नंबर आणि आयएफएससी टाकला की खातेदाराचं बँकेतलं नाव दिसते. त्या काटोलकडच्या शेतकऱ्याला आम्ही नवीन खात्यावर पाठवले तेव्हा आधी तेच पाहिलं, मग जुना बेनिफिशियरी डिलीट केला, मग १ रुपया पाठवून त्याच्या पासबुकात आला का फोनवर विचारलं, आणि मगच बाकीचे पाठवले.

लेखी तक्रारीला ३० दिवसात उत्तर नाही आलं किंवा पटण्यासारखं नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार टाकता येते, पैसे लागत नाहीत. बँकेला दिलेल्या अर्जाची शिक्का मारलेली कॉपी त्यासाठी जपून ठेवा. अन् ब्रँचमधून काय उत्तर मिळते ते इथे कॉमेंटमध्ये लिहा, पुढचं पाहून सांगतो, फक्त यूटीआर आणि अकाउंट नंबर इथे टाकू नका.